ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि रक्तस्राव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे जिल्ह्यातल्या प्रसूतिगृहात बाळंतिणीच्या केसपेपरवर ‘ट्रॅनेक्सा १ ग्रॅम’, म्हणजेच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, अशी ओळ लिहिलेली असते आणि तिच्याच धाकट्या बहिणीला पाळीत जास्त जाते म्हणून त्याच औषधाच्या गोळ्या दिलेल्या असतात. एकच औषध दोघींना कसे, ते अपघातात का देतात आणि रक्ताची उलटी झाली तर का देत नाहीत, असे प्रश्न नातेवाईक विचारतात आणि नव्याने रुजू झालेल्या परिचारिकाही विचारतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. भर मुद्दाम बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर ठेवला आहे, कारण या औषधाचे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही तेथे सर्वांत स्पष्ट दिसतात. मात्रेचे आकडे समजून घेण्यासाठी आहेत. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

हे रक्त गोठवणारे औषध आहे का?

नाही. ‘रक्त गोठवायचे इंजेक्शन’ हे त्याचे बोलीतले नाव सोयीचे असले, तरी ते दिशाभूल करणारे आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नवी गुठळी तयार करत नाही. जखमेवर शरीराने स्वतः जी गुठळी बनवलेली असते, ती वेळेआधी विरघळू नये एवढेच काम ते करते. पुढच्या जवळजवळ सर्व उत्तरांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

मग ते नेमके काम कसे करते?

रक्तवाहिनी फाटली की प्रथम प्लेटलेट्स तेथे चिकटतात आणि मग फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे त्यांच्याभोवती जाळी विणतात. ही जाळी म्हणजेच टिकाऊ गुठळी. पण गुठळी कायमची राहिली, तर वाहिनी बंद पडेल. म्हणून ती हळूहळू विरघळवण्याची व्यवस्थाही शरीरात असते. यकृतात तयार होणारे प्लाझ्मिनोजेन हे प्रथिन रक्तात निष्क्रिय स्वरूपात फिरत असते. ते फायब्रिनच्या धाग्याला चिकटले आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटलेला टीपीए हा घटक त्याला तेथे भेटला, की त्याचे प्लाझ्मिन होते आणि प्लाझ्मिन ती जाळी कापू लागते. कापल्या गेलेल्या जाळीचे तुकडे रक्तात मिळतात. कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेली डी-डायमर चाचणी मोजते ते याच तुकड्यांना.

प्लाझ्मिनोजेन फायब्रिनला चिकटते ते लायसिन या अमिनो आम्लाच्या आधाराने. फायब्रिनच्या धाग्यावर लायसिनची टोके असतात आणि प्लाझ्मिनोजेनवर ती टोके नेमकी बसतील असे खाचे असतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हा लायसिनसारख्याच घडणीचा, पण कारखान्यात बनवलेला लहानसा रेणू आहे. तो त्या खाच्यांत आधीच जाऊन बसतो. लोकलमध्ये चढलेल्या माणसाचे दोन्ही हात पिशव्यांनी अडकलेले असले, तर समोर कडी लोंबत असूनही त्याला ती धरता येत नाही. प्लाझ्मिनोजेनची अवस्था तशी होते. ते रक्तात असते, फायब्रिनही समोर असते, पण पकड बसत नाही, म्हणून प्लाझ्मिन पुरेसे तयार होत नाही आणि जाळी टिकते.

यातून दोन मर्यादा आपोआप निघतात. जाळी विणलीच गेली नसेल, तर वाचवण्यासारखे काही नसते. आणि जाळी आधीच कापली गेली असेल, तर हे औषध ती पुन्हा विणत नाही.

हे औषध नवीन आहे का?

मुळीच नाही. जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी त्यावरचे संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. बाळंतपणात रक्तस्रावाने होणारे मृत्यू टाळावेत, हा उताकोबाईंचा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात पुढची कितीतरी वर्षे ते दंतचिकित्सा, पाळीचा रक्तस्राव आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया यांपुरतेच वापरले गेले, आणि बाळंतपणातील मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. उताकोबाईंचे निधन २०१६ मध्ये झाले, म्हणजे तो निष्कर्ष छापून येण्यापूर्वी अवघे वर्षभर. इतके स्वस्त आणि पेटंट नसलेले औषध इतकी वर्षे मोठ्या चाचणीची वाट पाहत राहिले, याची चुटपुट लागते.

बाळंतपणानंतर ते केव्हा आणि कसे दिले जाते?

सर्वसाधारण प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक, किंवा सिझेरियननंतर १,००० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त गेले, अथवा आकडा काहीही असला तरी बाळंतिणीची नाडी वेगाने चालू लागली, रक्तदाब उतरू लागला, ती पांढरी पडली आणि अंग गार लागू लागले, तर त्याला बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव मानून उपचार सुरू करतात. डोळ्यांनी केलेला अंदाज बहुधा कमी भरतो, कारण बरेच रक्त चादरीत आणि कापडात मुरते. म्हणून बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावणे हा चांगला उपाय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार १ ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड शिरेतून, सावकाश, सुमारे १० मिनिटांत द्यायचे असते. आपल्याकडे सहसा मिळणाऱ्या ॲम्प्यूलमध्ये ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे दोन ॲम्प्यूल फोडून १० मिलिलिटर सिरिंजमध्ये घ्यायचे आणि मिनिटाला १ मिलिलिटर या गतीने सोडायचे. घाईच्या वेळी ही दहा मिनिटे फार लांब वाटतात आणि हात आपोआप जोर करतो. पण औषध झटकन ढकलले, तर आधीच उतरलेला रक्तदाब आणखी उतरू शकतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत देणे हा त्यावरचा साधा उपाय. सलाईन चालू असलेल्या शिरेतूनच ते देता येते, मात्र रक्ताच्या पिशवीत किंवा पेनिसिलिनच्या द्रावणात ते मिसळायचे नसते.

३० मिनिटांनंतरही रक्त जात राहिले, किंवा थांबलेले रक्त पहिल्या मात्रेपासून २४ तासांच्या आत पुन्हा सुरू झाले, तर आणखी १ ग्रॅम देता येते.

हे सर्व इतर उपचारांच्या जोडीने करायचे असते, त्यांच्या ऐवजी नव्हे. गर्भपिशवी आकुंचन पावावी म्हणून ऑक्सिटोसिन देणे, पोटावरून गर्भपिशवी चोळणे, वार पूर्ण पडली आहे का आणि कोठे फाटले आहे का हे तपासणे, लघवीची पिशवी रिकामी करणे आणि रक्तपेढीला फोन करणे, ही कामे त्याच मिनिटांत दुसऱ्या हातांनी चालू असावी लागतात.

त्याचा उपयोग किती होतो?

‘वुमन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१७ च्या चाचणीत २१ देशांतील २०,०६० बाळंतिणी होत्या. रक्तस्रावाने मृत्यू होण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात १.९ टक्के, तर औषध मिळालेल्या गटात १.५ टक्के होते. पहिल्या तीन तासांत औषध मिळालेल्यांचाच विचार केला, तर ते १.७ वरून १.२ टक्क्यांवर आले. तीन तासांनंतर दिलेल्या औषधाने मात्र काही फरक पडला नाही.

हे आकडे लहान दिसतात. एका बाळंतिणीच्या नातेवाइकांना त्यातून ‘या औषधाने ती वाचलीच’ असे कोणीही सांगू शकत नाही. परंतु जगभरात बाळंतपणात एवढ्या स्त्रिया रक्तस्रावाने दगावतात, की अर्ध्या टक्क्याचा फरकही फार मोठा ठरतो. त्याच चाचणीत गर्भपिशवी काढण्याचे प्रमाण कमी झाले नाही, हेही सांगायला हवे. पुष्कळ ठिकाणी पिशवी काढण्याचा निर्णय औषध देण्याच्या सुमारासच झालेला असतो, त्यामुळे त्याचा परिणाम दिसायला अवकाशच उरत नाही.

तीन तासांची अट कोठून आली?

प्रथम ती अपघातातल्या जखमींमध्ये लक्षात आली. ‘क्रॅश-२’ या २०१० च्या चाचणीत ४० देशांतील २०,२११ जखमी होते आणि त्यांत भारतातील रुग्णही होते. एकूण मृत्यूंचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. पुढच्या वर्षी त्याच रुग्णांची वेळेनुसार विभागणी केल्यावर खरे चित्र समोर आले. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्के झाले, एक ते तीन तासांत दिल्यास ६.१ वरून ४.८ टक्के झाले, आणि तीन तासांनंतर दिल्यास ३.१ वरून उलट ४.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे उशिरा दिलेले औषध नुसते वाया जात नाही, ते अपायही करू शकते.

याचे कारण शरीराच्या वेळापत्रकात आहे. मोठी इजा झाली किंवा वार सुटली, की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून टीपीए एकदम मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि गुठळ्या विरघळण्याचा वेग सुरुवातीलाच शिगेला पोहोचतो. काही तासांनी शरीर उलट बाजूला झुकते. टीपीएला अडवणारा घटक वाढतो आणि गुठळ्या विरघळणे जवळजवळ थांबते. त्या टप्प्यावर आणखी अडवण्यासारखे काही राहिलेले नसते.

या दोन्ही चाचण्यांतील ४०,१३८ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये असे दाखवले गेले, की औषध देण्यास होणाऱ्या प्रत्येक १५ मिनिटांच्या विलंबामागे त्याचा लाभ सुमारे १० टक्क्यांनी घटत जातो आणि तीन तासांनंतर तो उरत नाही. म्हणून ‘तीन तास आहेत’ असे म्हणणे मला धोक्याचे वाटते. तीन तास ही शेवटची सीमा आहे. तोपर्यंत थांबण्याची मुभा नव्हे.

घड्याळ कोणत्या क्षणापासून मोजायचे?

रक्तस्राव सुरू झाल्यापासून. पण तो क्षण नेमका कोणता हे बाळंतपणात अनेकदा सांगता येत नाही, म्हणून तेव्हा बाळ जन्मल्याची वेळच सुरुवात धरतात. दुसऱ्या मात्रेला ही तीन तासांची अट लागू नाही. ती पहिल्या मात्रेपुरती आहे.

हे सर्व प्रत्यक्षात कसे घडते, उदाहरण देता येईल का?

समजा, मुरबाड तालुक्यातल्या आतल्या गावी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी बाळ जन्मले. बाईंचे हे तिसरे बाळंतपण, हिमोग्लोबिन ९. बाळ होताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिलेले आहे आणि ४.२० ला वार पूर्ण पडलेली आहे. ४.३५ ला मापाच्या पिशवीत ६०० मिलिलिटर रक्त दिसते, नाडी ११२ आहे, वरचा रक्तदाब १०० आहे आणि पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी मऊ लागते. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापुढे गेला, ही धोक्याची खूण.

सिस्टर पिशवी चोळू लागतात, दुसऱ्या हाताला जाड सुई लावून सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू होते, १०८ ला फोन जातो आणि ४.४० ला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची पहिली मात्रा सुरू होऊन ४.५० ला संपते. आता पिशवी घट्ट लागते, तरी लाल रक्ताची बारीक धार चालूच आहे. ही गोष्ट फार बोलकी आहे. पिशवी आवळलेली असून ताजे रक्त येत असेल, तर कोठेतरी फाटले असल्याची शंका घ्यावी लागते, आणि फाटलेल्या धमनीवर कोणतेही औषध टाक्याचे काम करू शकत नाही. ५.२० ला दुसरी मात्रा दिली जाते. रुग्णवाहिका कल्याणमार्गे ठाण्याला निघते आणि ६.४५ ला मोठ्या रुग्णालयात पोहोचते. तेथे भूल देऊन तपासल्यावर गर्भाशयमुखाच्या उजव्या बाजूला चीर सापडते, टाके पडतात, रक्ताच्या दोन पिशव्या चढतात.

आता हेच औषध आरोग्य केंद्रात न देता ‘मोठ्या रुग्णालयात गेल्यावर देतील’ म्हणून सोडले असते, तर काय झाले असते ते पाहू. दाखल करणे, शीर शोधणे, औषध आणणे यांत दहा मिनिटे धरली, तरी पहिली मात्रा ६.५५ ला सुरू झाली असती. ४.४० ते ६.५५ म्हणजे १३५ मिनिटे, म्हणजे पंधरा मिनिटांचे नऊ टप्पे. लाभाचा मोठा भाग वाटेतच गेला असता. आणि कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा कळव्याच्या नाक्यावर आणखी अर्धा तास गाडी अडकली असती, तर ७.१० ची सीमाही ओलांडली गेली असती. टाके पडेपर्यंतच्या दोन तासांत जेथे जेथे गुठळी धरली होती तेथे ती टिकवून धरणे, एवढेच त्या दोन मात्रांनी केले.

अशा वेळी सोबतच्या चिठ्ठीवर तीन वेळांची स्पष्ट नोंद असावी : बाळाच्या जन्माची, पहिल्या मात्रेची आणि दुसऱ्या मात्रेची. ‘ट्रॅनेक्सा दिले’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी पुढच्या डॉक्टरांना फारसे काही सांगत नाही.

रक्तस्राव होण्याआधीच सर्व बाळंतिणींना ते का देत नाहीत?

तसे करून पाहिले गेले आहे. ‘वुमन-२’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्या १५,०६८ स्त्रियांना बाळ जन्मल्यानंतर लगेच, रक्तस्राव होण्याची वाट न पाहता, हे औषध किंवा नुसते द्रावण दिले गेले. अतिरक्तस्रावाच्या प्रमाणात फरक पडला नाही. पिशवी मऊ पडल्याने वाहणारे रक्त हे मुख्यतः स्नायूंच्या शिथिलतेचे फळ असते, त्यामुळे हे अनपेक्षित नाही. आठव्या-नवव्या महिन्यात रक्तक्षय असेल, तर लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवणे हाच बाळंतपणाची तयारी करण्याचा सरळ मार्ग आहे.

अपघातात आणि डोक्याला मार लागल्यावर?

मोठा रक्तस्राव होत असलेल्या किंवा तशी दाट शंका असलेल्या जखमीला १ ग्रॅम १० मिनिटांत आणि नंतर १ ग्रॅम ८ तासांत, अशी क्रॅश-२ मधील पद्धत आहे. सायन-पनवेल महामार्गावर मांडीचे हाड आणि कटी मोडलेला जखमी हा यासाठीचा नेमका रुग्ण. खरचटलेला दुचाकीस्वार नव्हे.

डोक्याच्या दुखापतीसाठी २०१९ मध्ये ‘क्रॅश-३’ ही १२,७३७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम इजा झालेल्यांना तीन तासांत औषध मिळाल्यास डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू ७.५ वरून ५.८ टक्क्यांवर आले. पूर्ण बेशुद्ध, अतिगंभीर रुग्णांत तसा लाभ दिसला नाही, कारण त्यांच्या मेंदूत रक्त आधीच पसरलेले असते. ‘साधा मार आहे, उद्या पाहू’ म्हणून घरी थांबवलेला रुग्णच या औषधाला मुकतो, ही यातली विसंगती.

पाळीत खूप जाते त्यासाठी गोळ्या कशा काम करतात?

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात गुठळ्या विरघळवणारे घटक मुळातच पुष्कळ असतात. म्हणून तर पाळीचे रक्त बहुधा पातळ राहते. काही स्त्रियांत हे घटक अधिक असतात आणि अंगावरून अधिक जाते. गोळ्या ही प्रक्रिया रोखतात आणि जाणारे रक्त साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होऊ शकते. नेहमीची पद्धत अशी, की ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, जास्त जाऊ लागल्यापासून, चार दिवसांपर्यंत. पाळी यायच्या आधीपासून किंवा महिनाभर त्या घेण्याने काही मिळत नाही. त्या संप्रेरके नाहीत. पाळी नियमित करणे, पुढे ढकलणे किंवा गर्भ राहू न देणे हे त्यांचे काम नाही. वेदना असल्यास मेफेनामिक ॲसिडबरोबर जोडून येणारी गोळी दिली जाते.

या गोळ्यांची अडचण अशी, की त्या काम करतात. त्यामुळे तासा-दोन तासांला पॅड बदलावे लागणारी, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणारी बाई मेडिकलमधून दर महिन्याला तीच पट्टी आणत राहते आणि गर्भाशयातली गाठ, थायरॉइड किंवा अस्तराचा आजार तपासायचा राहून जातो. चाळिशी ओलांडल्यावर पाळीचे स्वरूप बदलले असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले असेल, तर सोनोग्राफी आणि आवश्यक वाटल्यास अस्तराची तपासणी झाल्याशिवाय गोळ्यांवर थांबू नये.

दात काढताना किंवा शस्त्रक्रियेत?

हिमोफिलिया असलेल्यांना किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना दात काढल्यावर या औषधाच्या द्रावणाने चुळा भरण्यास सांगतात. लाळेतही गुठळी विरघळवणारे घटक असल्याने तो उपाय चांगला लागू पडतो. गुडघा बदलणे, खुबा बदलणे, हृदयाची शस्त्रक्रिया यांत ते रक्त चढवण्याची गरज कमी करते.

कोणत्या रक्तस्रावात त्याचा उपयोग नाही?

रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत असलेल्या रुग्णांना ते पूर्वी सर्रास दिले जाई. ‘हॉल्ट-इट’ या २०२० च्या चाचणीत अशा १२,००९ रुग्णांत मृत्यू कमी झाले नाहीत. उलट शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण ०.४ वरून ०.८ टक्के झाले आणि फीट येण्याचे प्रमाणही वाढले. त्या चाचणीत मात्रा मोठी होती आणि ती २४ तास चालवली होती, हे खरे. तरी अल्सर किंवा यकृताच्या आजारातील रक्तस्रावासाठी हे औषध मागू नये. तेथे दुर्बिणीतून केलेला उपचारच कामाचा.

लघवीतून रक्त येत असेल आणि ते मूत्रपिंडाकडून येत असेल, तर न विरघळलेली गुठळी मूत्रनलिकेत अडकून मूत्रपिंड तुंबू शकते, म्हणून तेथे ते टाळतात.

शहापूर-मुरबाडकडे फुरसे किंवा घोणस चावल्यावर हिरड्यांतून, जखमेतून रक्त येऊ लागते. तेथे विषाने गोठण्याचा कच्चा मालच संपवलेला असतो. जाळी विणायला धागा नाही, मग ती वाचवणार कोण? काचेच्या नळीत घेतलेले रक्त २० मिनिटांत गोठते का हे पाहतात आणि सर्पदंशाची लस देतात. डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स उतरल्या म्हणून हे औषध घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याचेही उत्तर याच अंगाने जाते : मूळ बिघाड गुठळी विरघळण्याचा नाही.

या औषधाने शरीरात दुसरीकडे गुठळ्या होतात का?

भीती रास्त आहे, कारण औषध गुठळी टिकवते. परंतु बाळंतिणींच्या आणि जखमींच्या त्या मोठ्या चाचण्यांत, ठरलेल्या लहान मात्रेने, असे प्रमाण वाढलेले दिसले नाही. तरीही पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात सध्या गुठळी असेल, किंवा फीट येण्याचा त्रास असेल, तर ते टाळतात. पूर्वी कधी गुठळी झाली असेल किंवा संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर पाळीसाठी हे घेण्याआधी डॉक्टरांना सांगावेच. औषध जवळजवळ जसेच्या तसे लघवीतून बाहेर पडते; म्हणून मूत्रपिंड कमजोर असेल, तर मात्रा कमी करावी लागते, नाहीतर ते साठून फीट येऊ शकते. मळमळ, जुलाब हे नेहमीचे किरकोळ त्रास. दृष्टीत किंवा रंग ओळखण्यात फरक वाटला, तर औषध बंद करून दाखवावे.

चेहऱ्यावरच्या वांगासाठी हेच औषध देतात का?

होय, त्वचारोगतज्ज्ञ कमी मात्रेत ते देतात. पण ते आठवडेच्या आठवडे घ्यावे लागते, म्हणून वर सांगितलेली सर्व विचारपूस तेथे अधिकच आवश्यक ठरते. ब्यूटी पार्लरमधल्या सांगण्यावरून ते सुरू करू नये.

शस्त्रक्रियागृहात या औषधाबाबत सर्वांत मोठी चूक कोणती होऊ शकते?

मणक्यातून भूल देताना बुपिव्हाकेन या भुलीच्या औषधाऐवजी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड टोचले जाणे. सिझेरियनच्या ट्रेमध्ये दोन्ही पारदर्शक द्रावणे, दोन्ही काचेच्या छोट्या ॲम्प्यूल, आणि काही उत्पादनांची लेबलेही सारखी दिसणारी. मणक्यात गेल्यावर ते मेंदू आणि मज्जारज्जूला तीव्र उत्तेजित करते : भूल तर चढतच नाही, काही मिनिटांत कंबर, नितंब आणि पायांत असह्य वेदना आणि झटके सुरू होतात, ते अंगभर पसरतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. नोंदवलेल्या अशा घटनांत सुमारे निम्मे रुग्ण दगावले आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबाबत इशारा दिला आहे.

उपाय कपाटापासून सुरू होतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड भुलेच्या ट्रॉलीत ठेवूच नये. वेगळ्या खणात, ‘फक्त शिरेतून’ अशी ठळक चिठ्ठी लावून ठेवावे आणि मणक्यातली सुई बाहेर आल्यानंतरच ते टेबलाजवळ आणावे. ॲम्प्यूल फोडणाऱ्याने नाव मोठ्याने वाचावे आणि टोचणाऱ्याने ते स्वतः पुन्हा वाचावे. ‘नेहमीच्या जागेवरून काढली’ ही खात्री नव्हे, कारण खरेदी विभागाने या महिन्यात दुसऱ्या कंपनीचा माल घेतला, की नेहमीच्या जागेवर वेगळ्या रूपाची ॲम्प्यूल येऊन बसते.

रक्त थांबल्यावर बाळंतिणीला घरी गोळ्या द्यायच्या का, आणि अंगावर पाजता येते का?

सहसा गोळ्यांची गरज नसते. शिरेतून दिलेल्या मात्रेतील निम्मे औषध साधारण दोन तासांत रक्तातून कमी होते आणि गुठळ्या वेगाने विरघळण्याचा काळही तोपर्यंत सरलेला असतो. दुधात उतरणारे प्रमाण अत्यल्प असल्याने अंगावर पाजणे थांबवायचे नसते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे मात्र, औषध दिलेले असो वा नसो, शिरांत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा अधिक असतो आणि खूप रक्त गेलेल्या, अंथरुणावर पडून राहिलेल्या बाईत तो आणखी वाढतो. म्हणून तिला लवकर उठवून चालते करावे, पाणी पुरेसे द्यावे, आणि एकाच पायाला सूज व पोटरीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे असे काही झाले, तर डिस्चार्जचा कागद बरोबर घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात आणावे.